शेवटच्या बाकावरची काकू

विचार करण्याला आमच्या बी.एड.ला पाच गुण आहेत. आधी विचार करायचा, मग तो चिंतनवहीत लिहायचा, वहीला खाकी कव्हर घालायचं आणि शुक्रवारी चारच्या आत ती जमा करायची. कव्हर नसलं तर अर्धा गुण जातो. विचार नसला तर किती जातो, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते मला पुढं कळलं.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बारा वर्षं फोर्टातल्या एका कंपनीत दुसऱ्यांचे हिशेब जुळवून झाल्यावर, मी गणिताची शिक्षिका व्हायचं ठरवलं. 2014च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे असतात: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. पण शाळेत गेल्यागेल्या खडू हातात देत नाहीत. आधी शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याचा तास बघायचा. त्याला पाठ निरीक्षण म्हणतात. ते झालं की घरी येऊन आपल्याला काय दिसलं आणि त्यावरून आपल्याला काय वाटलं, ते चिंतनवहीत उतरवायचं. ऐकायला सोपं आहे. दादरच्या गर्दीत कोणाला पत्ता सांगणंही ऐकायला सोपंच असतं.

माझ्या वाट्याला दादर पश्चिमेची एक मराठी शाळा आली आणि सहावीचा वर्ग. शाळेच्या बाकावर मोठ्या माणसांनी गंभीर चेहऱ्यानं बसायची दादरला जुनी सवय आहे. सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं व्हायची, तेव्हाही लोक असेच अवघडून बसायचे आणि बाहेर पडताना आपल्याला सगळं कळलं असा चेहरा करायचे. मलाही तेच करायचं होतं. फरक एवढाच, की मला कळलेलं लिहूनही द्यायचं होतं.

सहावीचा बाक अडतीस वर्षांच्या गुडघ्यांसाठी केलेला नसतो. मी तिरकी बसले. शेजारच्या मुलानं दप्तर मांडीवर घेऊन मला जागा दिली आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘‘काकू, तुम्ही इन्स्पेक्टर आहात?’’

‘‘नाही रे. मी शिकायला आलेय.’’

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘किती वेळा नापास झालात?’’

उत्तर द्यायच्या आत बाई वर्गात आल्या. बेचाळीस मुलं उभी राहिली, त्यांच्याबरोबर मीही राहिले. हा माझ्या निरीक्षणातला पहिला क्षण आणि तो मी नोंदवला नाही.

माझ्याकडे दोन कागद होते. एक कॉलेजचा निरीक्षण तक्ता: प्रस्तावना, हेतुकथन, आशयाचं सादरीकरण, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साधनं, वर्गनियंत्रण, मूल्यमापन, स्वाध्याय. प्रत्येकापुढे पाचपैकी गुण आणि एक ओळ शेरा. दुसरा कागद फ्लँडर्सचा. नेड फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं साठच्या दशकात वर्गातलं बोलणं मोजायची एक पद्धत काढली, ती आपल्याकडच्या बी.एड.च्या पुस्तकांत अजून मुक्कामाला आहे. वर्गात जे काही बोललं जातं त्याचे दहा प्रकार. पहिले सात शिक्षकाचे: मुलाची भावना समजून घेणं, शाबासकी देणं, मुलानं सांगितलेली कल्पना पुढं नेणं, प्रश्न विचारणं, व्याख्यान देणं, सूचना करणं, रागावणं. आठवा आणि नववा मुलांचा: विचारल्यावर बोलणं आणि आपणहून बोलणं. निरीक्षकानं दर तीन सेकंदांनी बघायचं, आत्ता काय चाललंय, आणि त्या आकड्याची नोंद करायची. मिनिटाला वीस नोंदी, पस्तीस मिनिटांच्या तासाला सातशे.

सातशे रेघा! हिशेबनीस असल्यामुळे मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी घड्याळ बाकावर काढून ठेवलं आणि रेघा मारायला लागले. चार उभ्या, पाचवी आडवी. पाचव्या मिनिटाला शेजारच्यानं मान वाकडी करून कागद पाहिला आणि अतिशय आदरानं विचारलं, ‘‘हाऊजी?’’

फ्लँडर्सचा दहावा प्रकार मी अजून सांगितला नाही. तो म्हणजे शांतता किंवा गोंधळ. होय, दोन्ही एकाच रकान्यात. वर्ग चिडीचूप असला तरी दहा, सगळे एकदम ओरडत असले तरी दहा. कोण बोलतंय ते निरीक्षकाला सांगता येत नाही, म्हणून दहा. हा रकाना लक्षात ठेवा. त्यानं पुढं माझी फजिती केली.

बाईंनी प्रस्तावना केली नाही. हेतुकथन तर नाहीच. ‘‘आज आपण भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज शिकणार आहोत’’ हे वाक्य आम्हाला कॉलेजात गायत्री मंत्रासारखं घोटून घेतलंय. ते म्हटल्याशिवाय पाठ सुरूच होत नाही. बाई थेट फळ्याकडे गेल्या, एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं आणि वळून म्हणाल्या, ‘‘किती?’’ मी तक्त्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: हेतुकथन केले नाही. दोन गुण कापले. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणत्या तरी बाईंचे गुण कापत होते.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला वहीच्या नियमाप्रमाणे मी ‘विद्यार्थी अ’ म्हणेन, हात वर न करताच म्हणाला, ‘‘दोन छेद पाच.’’

वर्ग हसला. मीही मनात हसले, कारण ही चूक मला पुस्तकातून पाठ होती. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली मिळवायचे: एक अधिक एक दोन, दोन अधिक तीन पाच. सहावीत ही चूक करणारं मूल भेटणार, हे पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबणार इतकं नक्की असतं. आता बाई ‘‘चूक. दुसरं कोण सांगेल?’’ म्हणतील, पहिल्या बाकावरची मुलगी ‘‘पाच छेद सहा’’ म्हणेल, बाई शाबासकी देतील, मी ‘दोन’ या रकान्यात रेघ मारीन.

बाईंनी तसं काही केलं नाही. त्यांनी वळून फळ्यावर 2/5 लिहिलं. बरोबर म्हणाल्या नाहीत, चूकही म्हणाल्या नाहीत. मग हातातला खडू हातातच ठेवून त्या आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मुलं आधी हसत होती, मग कुजबुजली, मग गप्प झाली. पंखा तेवढा कुरकुरत होता. मी रेघा मारत होते. दहा. दहा. दहा. दहा. आडवी. पंधरा सेकंद. वर्गात पंधरा सेकंद म्हणजे किती, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. बाहेर तेवढ्यात प्लाझाचा सिग्नल सुटून परत लागल्यासारखा वाटतो. शेरा तयारच होता: ‘पाठाचा ओघ तुटला. शिक्षिका काही काळ गोंधळलेल्या वाटल्या.’

शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘कसं आलं रे?’’

‘‘बाई, शनिवारी शिवाजी पार्कला आमच्या दोन मॅच झाल्या. एक जिंकलो. रविवारी तीन झाल्या. एक जिंकलो. म्हणजे पाचातल्या दोन.’’

नेमकं त्याच वेळी मी खाली मान घालून रेघांची बेरीज तपासत होते. कारण बाई बोलत नसल्या, की निरीक्षकाला मागचं काम उरकायला सवड मिळते. त्या पोराचं वाक्य माझ्या कानावर पडलं, आठच्या रकान्यात तीन रेघा झाल्या, आणि मी पुढं गेले. पुढं काय झालं त्याचाही मी अर्धाच भाग पाहिला. बाईंनी कपाटातून कागदाची एक पट्टी काढली. तेवढ्यावर मी ‘शैक्षणिक साधनांचा वापर: चांगला’ लिहून मोकळी झाले. तास संपला, तेव्हा माझ्याकडे सातशेपैकी चारशे बारा रेघा होत्या. दहाच्या रकान्यात एकतीस. म्हणजे दीड मिनिटाहून जास्त शांतता किंवा गोंधळ. वर्गनियंत्रणाला पाचपैकी दोन.

त्या रात्री मी चिंतनवही लिहिली. घंटेपासून घंटेपर्यंत, सगळं क्रमवार. शाळेची इमारत, वर्गाचा आकार, खिडक्या किती, बाईंच्या साडीचा रंग, फळ्यावरचं अक्षर. साडेतीन पानं झाली. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी दुसऱ्या दिवशी वही परत केली, खाली पेन्सिलीनं दोन शब्द: ‘पंचनामा झाला.’ आणि पुढं, ‘चिंतन?’

हे चिंतन कसं करायचं, याचा साचाही असतो. ग्रॅहम गिब्ज नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानं 1988मध्ये सहा पायऱ्यांचं चक्र दिलं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. चक्र काढलेलं असतं, त्यामुळं सहावी पायरी झाली की परत पहिलीवर. मी सहा मथळे लिहिले, प्रत्येकाखाली दहा ओळी मोकळ्या ठेवल्या आणि ‘भावना’पाशी अडकले. आमच्या घरात भावना लिहून द्यायची पद्धत नाही. लग्न ठरलं तेव्हाही मला ‘चालेल ना?’ एवढंच विचारलं होतं आणि मी ‘चालेल’ म्हणाले होते. आता पाच गुणांतला एक गुण मिळवायला मला सहावी ‘ब’विषयी काय वाटलं ते लिहायचं होतं.

अशा वेळी माणूस मोबाइल हातात घेतो. आमच्या तुकडीचा ग्रुप रात्री साडेदहाला चिंतनानं नुसता ओसंडून वाहत होता. कोणी निळ्या शाईनं मागच्या तारखा घालत होतं, कोणी वेगवेगळ्या दिवसांसाठी वेगवेगळी पेनं वापरत होतं, म्हणजे वही रोज लिहिल्यासारखी दिसते. एकीनं आपली पूर्ण नोंद फोटो काढून टाकली होती. सुरुवात अशी: ‘आजचा अनुभव माझ्यासाठी अत्यंत समृद्ध करणारा होता.’ छान वाक्य होतं. मी ते घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं. शेवट तिथलाच: ‘यापुढे मी अधिक चांगली तयारी करेन.’

दुसऱ्या वेळी मॅडमनी वही परत केली तेव्हा त्यांच्या टेबलावर वह्यांची चळत होती. ‘‘तुमच्यासकट अकरा जण समृद्ध झालेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकाच दिवशी. वेगवेगळ्या शाळांत. बरं, ही जास्त चांगली तयारी तुम्ही नक्की कधी करणार? किती वाजता?’’

मी गप्प. फ्लँडर्स असता तर त्यानं दहा लिहिलं असतं.

‘‘एक करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पूर्ण तास सोडा. एकच मिनिट घ्या. जे तुम्हाला नीट कळलं नाही ते.’’

घरी आले तर सासूबाई डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्युनिसिपल शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि बी.एड. या गोष्टीकडे त्या, डी.एड. झालेली माणसं बघतात तशा, जरा वरून बघतात. ‘‘आमच्या वेळी निरीक्षण साहेब करायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शाळा तपासायला साहेब आले, की आम्ही आधीच शिकवून झालेला धडा परत शिकवायचो. सगळ्या मुलांचे हात वर. उत्तर येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. साहेब खूश, आम्ही खूश. आता तुझं एक मिनिट काय ते सांग.’’

मी त्यांना दोन छेद पाच सांगितलं. शिवाजी पार्कच्या मॅच सांगितल्या, अर्धवट ऐकलेल्या. त्यांचा मेथीवरचा हात थांबला.

‘‘अगं, मग बरोबरच आहे की त्याचं!’’

‘‘बरोबर कसं? दोन छेद पाच चूक आहे, आई.’’

‘‘बेरीज चूक आहे. हिशेब बरोबर आहे. पाच मॅच खेळला, दोन जिंकला. तू सांग, किती जिंकला?’’

मी कंपनीत बारा वर्षं हिशेब केलेत. मला उत्तर देता येईना. सासूबाई काड्या एका बाजूला करत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मी एकतीस वर्षं ह्या दोन छेद पाचवर लाल फुली मारत आले. शेकड्यांनी मारल्या असतील. एकाला विचारलं नाही, कुठून आलं म्हणून.’’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बाईंना गाठलं. डबा उघडा होता; त्यांनी मला अर्धी पोळी दिली, अपूर्णांकांच्या तासाचीच म्हणा. मी विचारलं, की पट्टी काढल्यावर पुढं काय केलंत, कारण मी तेव्हा लिहीत होते. त्यांनी रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत, रुमालानं हात पुसून त्यांनी पर्समधून तीच पट्टी काढली. बारा सेंटिमीटरची, पांढऱ्या कागदाची.

‘‘आधी त्याला सांगितलं, तुझा मॅचचा हिशेब बरोबर आहे. कारण तो बरोबर आहे. चूक म्हटलं असतं तर तो माझ्यावर विश्वास कसा ठेवेल? मग पट्टी दिली. हिच्या अर्ध्यावर खूण कर म्हटलं. सहा सेंटिमीटरवर केली. आता हिचाच दोन छेद पाच भाग मोज. चार पूर्णांक आठ आले. मग मी एवढंच विचारलं, की अर्ध्यात आणखी काही मिळवलं, आणि बेरीज अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?’’

‘‘मग?’’

‘‘मग तो गप्प. वर्ग गप्प. परत तुमच्या रेघा पडल्या असतील.’’ पडल्या होत्या. ‘‘मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मॅचमध्ये दोन्ही दिवसांचे पूर्ण वेगळे आहेत. शनिवारचं पूर्ण दोन मॅचचं, रविवारचं तीनचं. पट्टी एकच आहे.’ झालं. बेरीज करायची तर दोन्ही तुकडे एकाच पूर्णाचे हवेत. अर्धी पट्टी सहा सेंटिमीटर, तिसरा भाग चार सेंटिमीटर, बारांतले दहा. म्हणजे सहांतले पाच. लसावि मी फळ्यावर शेवटी लिहिला, नियम म्हणून नाही, सहा भाग कुठून आले ते दाखवायला.’’

मला ही मुलगी आठवेचना. माझ्या कागदावर ती म्हणजे नवव्या रकान्यातल्या चार रेघा होत्या. पूर्ण तासात मूल आपणहून बोलल्याच्या नोंदी होत्या सात. त्यातल्या चार तिच्या, आणि त्या चार रेघांमध्ये अपूर्णांकांच्या बेरजेचा सगळा अर्थ होता. कागद खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त ती काय म्हणाली ते माहीत नव्हतं, आणि मीही त्याला सांगितलं नव्हतं.

‘‘आणि ती पहिली शांतता?’’ मी विचारलं. ‘‘पंधरा सेकंदांची?’’ मी आदल्या रात्री वाचून आले होते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं सत्तरच्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ म्हणणारी मुलं कमी होतात, एरवी न बोलणारी बोलतात. आणि हे थांबणं दोन जागी असतं: प्रश्नानंतर एकदा आणि मुलाच्या उत्तरानंतर एकदा. ही दुसरी जागा जास्त अवघड, कारण उत्तर आलं की आपल्या तोंडातून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ शिंकेसारखं सुटतं. मी ठरवून टाकलं होतं की बाईंनी हेच केलं. ‘‘तुम्ही मुद्दाम थांबलात ना? थांबण्याचा काळ म्हणून?’’

बाई हसल्या. ‘‘अहो, कसलं मुद्दाम? दोन छेद पाच दरवर्षी येतं. पण बहुतेक मुलं सांगताना जरा घाबरत सांगतात. हा ठामपणे म्हणाला. मला कळेना की याला एवढी खात्री कुठून. मी खरंच विचार करत होते.’’ मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, ‘‘आणि एक सांगू? हीच पोरं षटकांच्या बेरजेत कधी चुकत नाहीत. 4.3 षटकं आणि 2.4 षटकं किती झाली विचारा. 6.7 कोणी म्हणणार नाही. लगेच 7.1. सहाचा छेद त्यांच्या रक्तात आहे. सोमवारी तिथून सुरुवात करणार आहे.’’

डोनाल्ड शॉन या विचारवंतानं 1983च्या पुस्तकात चिंतनाचे दोन प्रकार सांगितले आहेत: काम करता करता होणारं आणि काम झाल्यावर होणारं. कॉलेजात आम्हाला ही व्याख्या लिहून दिली, मी ती पाठही केली. उदाहरण मात्र माझ्यासमोर पंधरा सेकंद खडू हातात धरून उभं होतं आणि मी त्याला ‘शिक्षिका काही काळ गोंधळलेल्या वाटल्या’ असा शेरा मारून मोकळी झाले होते. तसा तो शेरा पूर्ण खोटाही नव्हता. त्या गोंधळल्याच होत्या. फक्त गोंधळलेलं असताना त्यांनी तोंड बंद ठेवलं, ही एक गोष्ट मला गुण द्यायच्या तक्त्यात कुठं बसवावी ते सापडेना.

माझं मला कळलं ते दुसरंच. कॉलेजात आमचे सूक्ष्म पाठ होतात: सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर विद्यार्थी म्हणून आमच्याच तुकडीतल्या बायका. कोणी तीस, कोणी चाळीस वर्षांची, पदर खोचून सहावीतली मुलगी झालेली. मी प्रश्नकौशल्याच्या पाठात नऊ प्रश्न विचारले आणि नऊ बरोबर उत्तरं मिळाली. अर्थात मिळाली. पुढचा पाठ ज्यांचा होता त्यांनाही माझ्याकडून नऊ बरोबर उत्तरं हवी होती. तीन महिन्यांत मी एकही चुकीचं उत्तर ऐकलं नव्हतं. त्यामुळं चुकीचं उत्तर आलं, की मला ते पाठात पडलेला खड्डा वाटलं, ज्याला वळसा घालून पुढं जायचं असतं.

हे मी तिसऱ्यांदा लिहिलं. ‘भावना’खाली एकच ओळ: ‘त्या मुलाचं म्हणणं बरोबर निघालं तेव्हा मला लाज वाटली आणि थोडा रागही आला, राग कोणाचा ते अजून ठरलेलं नाही.’ ‘कृती आराखडा’त मॅडमच्या सूचनेप्रमाणे दिवस आणि वेळ घातली: मंगळवार, पहिला सराव पाठ, सकाळचा दुसरा तास. पहिलं चुकीचं उत्तर आलं की ते फळ्यावर लिहायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं, मग ‘कसं आलं?’ एवढंच विचारायचं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. पाचपैकी साडेतीन गुण मिळाले. कव्हर सासूबाईंनी घातलं होतं, त्यामुळं तिथं काही गेलं नाही.

मंगळवारी पाचवीच्या वर्गात मी दशांश अपूर्णांक घेतले. 0.5 मोठा की 0.35, असं विचारलं. एक मुलगी ठामपणे म्हणाली, 0.35, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. मी 0.35 फळ्यावर लिहिलं आणि मोजायला लागले. एक. दोन. तिसऱ्या आकड्याला माझे कान तापले होते आणि मागच्या बाकावर माझी तुकडीतली मैत्रीण घड्याळाकडे बघत होती. पहिल्या बाकावरचा एक मुलगा कळवळून हळूच म्हणाला, ‘‘टीचर, विसरलात का?’’

मी विसरले नव्हते. मी ‘‘कसं आलं?’’ विचारलं. मुलीनं सांगितलं. मग मी पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे असं काही तरी समजवायला गेले आणि स्वतःच अडकले, कारण त्या वर्गातल्या एकाही मुलानं पस्तीस पैसे जन्मात पाहिलेले नाहीत. पुन्हा शांतता. मग पट्टी काढली, तीच बारा सेंटिमीटरची, आणि लक्षात आलं, की दशांशाला दहाची हवी होती.

तास संपल्यावर मैत्रिणीनं मला तिचा निरीक्षण तक्ता दिला. हेतुकथन: उत्तम, पाचपैकी पाच. फलकलेखन: चार. दहाव्या रकान्यात सव्वीस रेघा, सुबक मारलेल्या. आणि खाली शेरा: ‘छात्राध्यापिका मध्येच दोनदा गोंधळल्या. वर्गनियंत्रण सुधारावे.’